३१ मार्चच्या रात्री सिंक कधी चालवायचा? क्लोजिंग आणि ओपनिंग जुळत नाही

शीतल_कांदोळी · १० मार्च, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. कांदोळीतल्या एका बावीस खोल्यांच्या हॉटेलचे हिशेब मी बघते. खाली रेस्टॉरंट आणि बार आहे. खोल्यांचं बुकिंग-बिलिंग एका सॉफ्टवेअरमध्ये, रेस्टॉरंटचं दुसऱ्यात, आणि खातेवही टॅलीत. रोज रात्री ११:४५ ला सिंक चालतो आणि दोन्हीकडची बिलं व्हाउचर होऊन टॅलीत येतात. टॅलीतल्या पावत्या आणि जर्नल एंट्र्या परत हॉटेलच्या सॉफ्टवेअरकडे जातात. वर्षभर काही बिघडत नाही. आज राहिलेलं बिल उद्या येतं, महिनाअखेर बेरीज जमते.

पण गेल्या ३१ मार्चला दोन गोष्टी अडकल्या. 'कार्डाचे येणे' या खात्यावर टॅलीचं क्लोजिंग १,८६,४०० होतं आणि रेस्टॉरंटच्या सॉफ्टवेअरचं २,१४,७५०. फरक २८,३५० चा. दुसरं म्हणजे एका ट्रॅव्हल एजंटचं ओपनिंग हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ८४,००० दिसतं आणि टॅलीत ७२,०००. ऑडिटर दोन्हींसाठी मागे लागले होते.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो, रात्री १२ च्या आधी 'ईयर एंड' बटण दाबा आणि मोकळे व्हा. आमच्याकडे १२ ला बार भरलेला असतो, बटण कोण दाबणार? तर प्रश्न असा: यंदा सिंक नक्की कधी चालवायचा, आणि ते बटण कधी दाबायचं?

---

म्हापसेकर · १० मार्च, दुपारी १२:०५

ताई, जुन्या जखमेवर बोट ठेवलंत. बँकेत होतो तेव्हा ३१ मार्चची रात्र म्हणजे जागरणच. लेजर जुळल्याशिवाय मॅनेजर कुणाला घरी सोडत नसे. जेवण मात्र बँकेच्या खर्चाने, आणि त्यात सुंगटं असली की फरक सापडायला जरा जास्तच वेळ लागायचा.

माझं साधं मत: ३१ ला सिंक बंदच ठेवा. १ एप्रिलला बँकांचं वार्षिक क्लोजिंग असतं, गिऱ्हाइकांसाठी बँका बंद असतात. त्या सकाळी निवांत एकदाच चालवा. सगळी बिलं आलेली असतील, फरक राहणार नाही.

---

बार्देसचा_बाबू · १० मार्च, दुपारी १:४०

म्हापसेकर काका, एकदाच चालवला तरी दीड वाजताचं बिल कुठल्या वर्षात टाकणार ते कुठे सांगितलंत?

---

फोंड्याचा_प्रोग्रामर · १० मार्च, दुपारी २:१५

बाबूंनी बरोबर जागी बोट ठेवलं. सिंक कधी चालतो यापेक्षा व्हाउचरवर तारीख कुठली पडते हे आधी बघायला हवं. शीतलताई, त्या २८,३५० मधली बिलं उघडून तीन गोष्टी सांगाल का? प्रत्येक बिल किती वाजता छापलं, रेस्टॉरंटच्या रिपोर्टात ते कुठल्या दिवसात मोजलंय, आणि टॅलीत त्याची तारीख काय आहे.

---

अनामिक_पेडणे · १० मार्च, दुपारी ४:३०

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. ३१ तारखेला दुपारी पासबुक छापून आणलं, त्यावरची शेवटची शिल्लक आणि १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक वेगळी. बँकेत विचारलं तर म्हणे सिस्टीम आहे. कुणाकडे तक्रार करायची?

---

म्हापसेकर · १० मार्च, सायंकाळी ५:००

अहो, तक्रार कसली, व्याज जमा झालं असेल! बऱ्याच बँकांत बचत खात्याचं तिमाही व्याज ३१ मार्च तारखेनेच पडतं, पण तुम्ही पासबुक छापून गेल्यावर. ३१ च्या रात्रीची शिल्लक व्याज धरून असते. पुढच्या पानावर बघा, ३१ च्याच तारखेची ओळ असेल.

---

अनामिक_पेडणे · १० मार्च, सायंकाळी ५:२२

आहे! १४६ रुपये. माफ करा, धागा भरकटवला.

---

फोंड्याचा_प्रोग्रामर · १० मार्च, सायंकाळी ६:१०

भरकटवला नाही, उलट कामाचं बोललात. तारीख ३१ ची, पण नोंद नंतर आलेली. शीतलताईंचं एजंटाचं खातं याच जातीचं असणार, त्यावर नंतर बोलू. तोवर हिशेब लिहिणाऱ्यांनी एवढं करावं: बँकेचं स्टेटमेंट ३१ ला उतरवून घेतलं असेल तर ते कच्चं समजा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मार्चचं पुन्हा उतरवा.

---

शीतल_कांदोळी · ११ मार्च, सकाळी १०:०५

बिलं काढली. एकूण सात, सगळी कार्डाची. तीन बिलं ११:४५ ते १२ च्या मधली, त्यांची बेरीज ९,८५०. चार बिलं १२ नंतरची, बेरीज १८,५००, शेवटचं १:२५ चं. रेस्टॉरंटच्या रिपोर्टात सातही ३१ मार्चमध्ये आहेत, कारण आम्ही 'डे क्लोज' १:४० ला केला. टॅलीत सातही १ एप्रिलला पडली आहेत.

---

फोंड्याचा_प्रोग्रामर · ११ मार्च, दुपारी १२:३०

मग गंमत बघा, दोन्ही आकडे चुकीचे आहेत. सिंक ११:४५ ला चालून गेला, म्हणून ही सात बिलं दुसऱ्या रात्रीच्या फेरीत आली. तुमचा सिंक व्हाउचरवर बिलाची तारीख टाकत नाही, ज्या दिवशी चालला त्या दिवसाची टाकतो. म्हणून १२ च्या आधीची तीन बिलंसुद्धा नव्या वर्षात गेली. रेस्टॉरंटचं सॉफ्टवेअर डे क्लोज होईपर्यंत ३१ च मोजत राहिलं, म्हणून १२ नंतरची चार जुन्या वर्षात राहिली. घड्याळाप्रमाणे ३१ मार्चचं क्लोजिंग १,८६,४०० अधिक ९,८५०, म्हणजे १,९६,२५० यायला हवं. टॅली त्याच्या खाली आणि रेस्टॉरंट १८,५०० ने वर.

म्हापसेकर काकांच्या उपायाने इथे उलट झालं असतं. १ तारखेला सकाळी एकदाच चालवला असता तर ३१ च्या अख्ख्या दिवसाची विक्री १ एप्रिलला पडली असती. सिंक उशिरा चालवायला माझी ना नाही, पण आधी तारीख बिलाची घ्यायला लावा.

आणि एक सापळा. तुमच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर क्लाउडवर असेल तर वेळ बहुतेक यूटीसीत साठवलेली असते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून आपला १ एप्रिल तिथे ३१ मार्चच्या संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो. मार्चची बिलं उचलताना सीमा अशी लागते:

```sql
WHERE bill_time_utc >= '2025-02-28 18:30:00'
  AND bill_time_utc <  '2025-03-31 18:30:00'
```

दुसऱ्या ओळीत `<=` लिहू नका, नाहीतर बरोबर १२ च्या ठोक्याचं बिल मार्चमध्येही येईल आणि एप्रिलमध्येही.

कुणी नुसती यूटीसीची तारीख घेतली असेल तर ती चूक लवकर दिसतच नाही. रात्री पाऊण वाजताचं बिल यूटीसीत ३१ मार्चलाच पडतं आणि डे क्लोजच्या हिशेबानेही ३१ लाच, त्यामुळे दोन्ही रिपोर्ट जुळतात आणि सगळे खूश. फरक उघडा पडतो तो मोपाचं सकाळचं विमान पकडायला पाच वाजता चेक-आउट करणाऱ्या पाहुण्याच्या बिलावर. डे क्लोज होऊन गेलेला, म्हणून हॉटेलच्या हिशेबात १ एप्रिल. यूटीसीत मात्र रात्रीचे साडेअकरा, म्हणून सिंकच्या हिशेबात ३१ मार्च. तुमचा सिंक तपासायचा असेल तर पहाटेच्या चेक-आउटचं एक बिल धरा, तेवढं पुरे.

---

बार्देसचा_बाबू · ११ मार्च, दुपारी ३:२०

घड्याळाचं गणित कागदावर बरं दिसतं. माझं बागा रस्त्यावर रेस्टॉरंट आहे. माझा दिवस शटर वर गेल्यापासून शटर खाली येईपर्यंत. गल्ला मी रात्री दोनला मोजतो, वेटरच्या टिपा तेव्हाच वाटतो, कार्ड मशीनची बॅच तेव्हाच सेटल करतो. १२ ला रेघ ओढली तर गल्ला कुणी मोजायचा? अर्ध्या रात्रीत कॅशियरला सांगू का, थांब, नवीन वर्ष लागलं?

---

सीए_मडगाव · ११ मार्च, सायंकाळी ७:४५

बाबू, वर्षभर तुमचीच पद्धत ठेवा, कुणी हरकत घेणार नाही. प्रश्न एका रात्रीचा आहे. त्या रात्री बिलावर काय छापलंय हे महत्त्वाचं. जीएसटीत मालिकेतला प्रत्येक बिल क्रमांक आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो, आणि जेवणाचं बिल कुठल्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये जाईल ते बिलाच्या तारखेवर ठरतं. साडेबाराच्या बिलावर १ एप्रिल छापलं तर ते नव्या मालिकेत आणि एप्रिलच्या रिटर्नमध्ये. बिलावर एक तारीख, रिटर्नमध्ये दुसरी आणि टॅलीत तिसरी, असं झालं की नोटीस येते. दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर व्हॅट, तो हिशेब वेगळा ठेवावा लागतोच. तिथेही तारीख तीच राहू द्या.

पण फोंड्याच्या भाऊंशी एका बाबतीत माझं पटत नाही. घड्याळाचा नियम खोल्यांना लावू नका. ३१ मार्चच्या रात्रीचं खोलीभाडं तुमचं सॉफ्टवेअर डे क्लोजला, म्हणजे १ एप्रिलला १:४० वाजता लावतं. घड्याळ बघितलंत तर बावीस खोल्यांचं एका रात्रीचं भाडं नव्या वर्षात जाईल. ती रात्र ३१ ची आहे, उत्पन्न मार्चचं.

---

फोंड्याचा_प्रोग्रामर · ११ मार्च, रात्री ८:३०

मान्य. खोलीभाड्याला हॉटेलचा दिवस, रेस्टॉरंटच्या बिलाला बिलावरची तारीख. सिंकमध्ये दोन्हींना वेगळा नियम लावावा लागेल. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बिझनेस डेट आणि प्रत्यक्ष वेळ असे दोन वेगळे रकाने असतात, कुठला घ्यायचा ते प्रत्येक प्रकाराला सांगता येतं.

---

शीतल_कांदोळी · १२ मार्च, सकाळी ९:५०

सर, मग जो पाहुणा ३० मार्चला आला आणि २ एप्रिलला जाणार त्याचं काय? त्याचं बिल २ एप्रिललाच होतं. सिंक फक्त झालेली बिलं उचलतो, म्हणजे ३१ च्या टॅलीत तो पाहुणा नसतोच.

---

सीए_मडगाव · १२ मार्च, दुपारी १:१५

चांगला प्रश्न, आणि हॉटेलांमध्ये हाच सगळ्यात जास्त राहून जातो. रात्रीचे ४,००० धरा. ३० आणि ३१ अशा दोन रात्रींचे ८,००० मार्चचं उत्पन्न. ३१ मार्च तारखेची एक जर्नल करा: 'बिल न झालेले येणे' नावे ८,०००, खोलीभाडे जमा ८,०००. १ एप्रिलला तीच जर्नल उलटवा. मग २ तारखेचं तीन रात्रींचं १२,००० चं बिल सिंकमधून आलं की एप्रिलच्या वाट्याला ४,००० च उरतात. जीएसटी बिलासोबत एप्रिलमध्ये भरायचा, त्यामुळे पुस्तकातली उलाढाल आणि जीएसटीतली उलाढाल तेवढ्यापुरती वेगळी दिसेल. तो फरक लिहून ठेवा, वार्षिक रिटर्नच्या वेळी लागतो.

हॉटेलच्या सॉफ्टवेअरमधून ३१ च्या डे क्लोजनंतर लगेच 'हॉटेलात असलेले पाहुणे' हा शिल्लक रिपोर्ट काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी काढलात तर दुसऱ्या दिवसाचा येईल, मागची तारीख घालून तो सगळ्यांकडे निघत नाही.

---

काजूवाला_डिचोली · १२ मार्च, दुपारी ४:१०

तुम्हाला बिलांचं दुखणं, आम्हाला मालाचं. डिचोलीत कारखाना आणि फोंड्यात गोदाम, दोन्हीकडे वेगळी टॅली. मार्च-एप्रिल म्हणजे ऐन काजूचा हंगाम, ३१ तारखेला गोणी येतच असतात. एकदा ३१ ला संध्याकाळी डिचोलीतून टेम्पो निघाला, फोंड्यात माल उतरवला १ ला सकाळी. डिचोलीतून माल वजा झाला, फोंड्यात जमा नाही. ४० गोणी दोन्ही क्लोजिंगमध्ये नाहीत! दोन दिवस कामगारांवर संशय.

आता 'वाटेतला माल' असं एक वेगळं गोदाम टॅलीत ठेवलंय. निघाला की तिथे, उतरला की तिथून पुढे. ३१ ला तिथे शिल्लक दिसली तरी चालते, फक्त टेम्पोच्या चलनाशी जुळली पाहिजे. वजनाचा फरक मात्र अजून सुटलेला नाही. ओला काजू वाळला की घटतो, आणि सिंक काही काजू वाळवत नाही.

---

म्हापसेकर · १२ मार्च, सायंकाळी ४:४०

गोणी सापडल्या, पण बोंडांचं क्लोजिंग कुठे दाखवता? आमच्या वाड्यावर हुर्राक कधी पोचणार तेही सांगा.

---

काजूवाला_डिचोली · १२ मार्च, सायंकाळी ४:५५

हुर्राकाचं क्लोजिंग रोज रात्री शून्यच असतं काका. त्याला सिंक लागत नाही.

---

शीतल_कांदोळी · १३ मार्च, सकाळी १०:३०

हसले, पण माझा एजंट राहिला. ८४,००० आणि ७२,०००. फरक १२,००० चा कमिशनचा आहे एवढं कळलंय. ऑडिटरांनी जूनमध्ये टॅलीत ३१ मार्चच्या तारखेने कमिशनची जर्नल घातली. ती हॉटेलच्या सॉफ्टवेअरला कधी गेलीच नाही.

---

फोंड्याचा_प्रोग्रामर · १३ मार्च, दुपारी २:००

अंदाज होताच. १ एप्रिल उजाडला की बहुतेक सिंक 'चालू वर्षाची व्हाउचरं' एवढंच बघतात, म्हणजे व्हाउचरची तारीख १ एप्रिल किंवा पुढची. जूनमध्ये घातलेली ३१ मार्चची जर्नल त्या चाळणीतून खाली पडते. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही.

यावर उपाय असा की काय पाठवायचं हे व्हाउचरच्या तारखेवरून ठरवायचं नाही, ते शेवटचं कधी बदललं त्यावरून ठरवायचं. टॅलीत प्रत्येक व्हाउचरला `ALTERID` असतो. व्हाउचर नवीन घातलं किंवा जुनं बदललं की त्याला आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा नंबर मिळतो. सिंकने मागच्या फेरीतला सगळ्यात मोठा `ALTERID` लक्षात ठेवायचा आणि त्याच्या वरचं सगळं उचलायचं, तारीख कुठलीही असो. तसं असतं तर जूनच्या त्या रात्री तुमची १२,००० ची जर्नल ३१ मार्चच्या तारखेने आपसूक पलीकडे गेली असती.

याने एक गोष्ट मात्र सापडत नाही: पुसून टाकलेलं व्हाउचर. ते यादीतच नसतं, मग त्याचा नंबर कुठून दिसणार? म्हणून मार्चची व्हाउचरं कुणी Alt+D करून पुसू नयेत, Alt+X ने रद्द करावीत. रद्द केलेलं व्हाउचर जागेवर राहतं आणि सिंकला दिसतं. आणि महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या `GUID` ची यादी समोरासमोर ठेवून बघा.

आता ओपनिंगचं. सिंकने शिल्लक कधीच वाहून न्यायची नाही, व्हाउचरंच न्यायची. टॅलीत वर्ष वेगळं केलं नसेल तर ओपनिंग हा साठवलेला आकडा नसतोच, मागच्या नोंदींवरून काढलेला असतो. मार्चमध्ये काही बदललं की १ एप्रिलचं ओपनिंग आपोआप बदलतं. तुमच्या हॉटेलच्या सॉफ्टवेअरचं 'ईयर एंड' बटण मात्र त्या क्षणाची शिल्लक शिक्का मारून ठेवतं. म्हणून टॅली पुढे सरकली आणि ते ८४,००० वर बसून राहिलं.

---

बार्देसचा_बाबू · १३ मार्च, दुपारी २:४५

म्हणजे बटण दाबायचंच नाही?

---

शीतल_कांदोळी · १३ मार्च, दुपारी ३:१०

मी आजच सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं. तो म्हणतो, बटण दाबल्याशिवाय बिलांची नवी मालिका सुरू होत नाही. नवी मालिका आणि ओपनिंग एकाच बटणाला बांधलंय. पात्रांव म्हणतात दाबून टाक, मी म्हणते थांबा.

---

फोंड्याचा_प्रोग्रामर · १३ मार्च, दुपारी ३:५०

वाईट बांधणी आहे, पण नवीन नाही. विचारा की बटण दाबल्यावर फक्त ओपनिंग पुन्हा काढता येतं का. काहींकडे 'शिल्लक पुन्हा काढा' असं वेगळं काम असतं. असेल तर ३१ ला बटण दाबा, ते ओपनिंग कच्चं समजा आणि ऑडिट संपल्यावर एकदा पुन्हा काढा. नसेल तर कमिशनसारख्या नोंदी त्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिलच्या तारखेने हाताने घालाव्या लागतील. मग दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या राहतील आणि शिल्लक १ तारखेच्या संध्याकाळपासून जुळेल. मला हे आवडत नाही, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

---

सीए_मडगाव · १३ मार्च, सायंकाळी ६:२०

मला तेही चालणार नाही. ऑडिटला मी दोन्हीकडचं ३१ मार्चचं क्लोजिंग मागतो, १ एप्रिलच्या संध्याकाळचं नाही. वेगळं असेल तर जुळवणीचा कागद लागेल, आणि तो दरवर्षी नव्याने लिहावा लागेल.

दुसरं, ऑडिटवर सही झाली की मार्च बंद म्हणजे बंद. टॅलीत युजरच्या अधिकारांत मागच्या तारखेच्या व्हाउचरांसाठी कट-ऑफ तारीख देता येते, ती ३१ मार्च ठेवा. त्यानंतर काही सापडलं तर ते चालू वर्षात घालायचं, जुनं क्लोजिंग हलवायचं नाही.

---

फोंड्याचा_प्रोग्रामर · १३ मार्च, सायंकाळी ६:५५

कट-ऑफ जरूर लावा, पण सिंक ज्या युजरने लॉग इन होतो त्यालाही तो लागू आहे का ते आधी बघा. लागू असेल आणि मार्चचं एखादं बिल मागे राहिलं असेल तर टॅली ते नाकारते आणि सिंकवाला प्रोग्राम बहुतेक वेळा गप्प बसतो. टॅली उत्तरात हे आकडे पाठवते, ते लॉगमध्ये साठवायला सांगा:

```xml
<CREATED>7</CREATED>
<ALTERED>0</ALTERED>
<ERRORS>0</ERRORS>
```

३१ च्या रात्रीनंतर तीच फेरी मुद्दाम दुसऱ्यांदा चालवा. बिल नंबरावरून ओळख पटत असेल तर दुसऱ्या वेळी `CREATED` शून्य यायला हवं. सात आलं तर बिलं दोनदा पडली. मग तुमचा फरक २८,३५० चाच राहील, फक्त उलट बाजूला.

आणि हसू नका, पण टॅलीचा पीसी चालू ठेवा. टॅली उघडी आणि कंपनी लोड केलेली नसेल तर पोर्ट ९००० वर उत्तर द्यायला कुणी नसतं. मार्चअखेर उकाड्यात वीज जाते, युपीएसची बॅटरी एकदा बघून घ्या.

---

शीतल_कांदोळी · २५ मार्च, सकाळी ११:००

यंदाचं ठरलं ते लिहिते. सॉफ्टवेअरवाल्याने सिंकमध्ये बिलाची तारीख घ्यायला लावली, खोलीभाड्याला बिझनेस डेट. वेळ ११:४५ वरून पहाटे ५:३० केली, तोवर डे क्लोज झालेला असतो आणि नवा दिवस तापलेला नसतो. रेस्टॉरंटमध्ये फक्त ३१ ला ११:५८ वाजता एक जादा डे क्लोज. गल्ला नेहमीसारखा शेवटी एकदाच मोजायचा, दोन रिपोर्टांच्या बेरजेशी. बाबू, तुमच्या गल्ल्याचा प्रश्न यात सुटतो.

चालू टेबलांचं मात्र ठरत नाही. १२ ला दहा-बारा टेबलं उघडी असतात, त्यांनी अर्धं जेवण ३१ ला केलेलं असतं.

---

बार्देसचा_बाबू · २५ मार्च, दुपारी १२:१५

दोन रिपोर्ट एक गल्ला, हे पटलं. चालू टेबलांना बिल होईल तेव्हाची तारीख. अर्धी प्लेट मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये, असं गिऱ्हाइकाला कोण समजावणार?

---

सीए_मडगाव · २५ मार्च, दुपारी १:३०

तत्त्वाने बोलायचं तर ३१ ला वाढलेलं ३१ चं उत्पन्न. पण दहा टेबलांसाठी मी जर्नल मागणार नाही. बाकीचे ऑडिटर मागणार नाहीत असं मात्र म्हणत नाही.

---

शीतल_कांदोळी · ३ एप्रिल, सायंकाळी ५:४०

झालं. 'कार्डाचे येणे' दोन्हीकडे २,०३,१८० आलं. सीए सर म्हणाले होते म्हणून पाहुण्यांचा रिपोर्ट डे क्लोजनंतर लगेच काढला, जर्नल घातली, उलटवली. फेरी दुसऱ्यांदा चालवली, `CREATED` शून्य.

काल बँकेत कार्डाचे पैसे आले, तेव्हा मशीनच्या बॅच रिपोर्टशी ताडून बघितलं. बँकेचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी सोडूनही मशीनचा आकडा आमच्यापेक्षा ३०० ने जास्त. दोन्ही सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळतात, मशीनशी नाही!

---

बार्देसचा_बाबू · ३ एप्रिल, सायंकाळी ६:०५

टिप. बिल ३,२०० चं, गिऱ्हाइकाने ३,५०० स्वाइप करायला सांगितलं. बिलिंगमध्ये ३,२०० च दिसतं. वेटरला गल्ल्यातून ३०० रोख दिले असतील, मग रोकड ३०० ने कमी आली का बघा.

---

शीतल_कांदोळी · ३ एप्रिल, सायंकाळी ६:३०

आली होती! कॅशियरला उगाच बोलले मी. दोन्ही त्याच रात्रीचं, ११:२० चं बिल आहे. म्हणजे ३१ मार्चच्या तारखेने 'कार्डाचे येणे' नावे ३००, रोकड जमा ३००, बरोबर ना सर?

---

सीए_मडगाव · ३ एप्रिल, रात्री ८:१०

बरोबर, फक्त सोबत मशीनची स्लिप आणि बिल दोन्ही लावा. आणि ही जर्नल टॅलीत मागच्या तारखेने घालताय, तेव्हा हॉटेलच्या सॉफ्टवेअरकडे गेली का ते उद्याच्या ५:३० च्या फेरीनंतर बघा. बटण दाबलंत का शेवटी?

---

शीतल_कांदोळी · ३ एप्रिल, रात्री ८:२५

दाबलं. 'शिल्लक पुन्हा काढा' आहे म्हणतात, पण ते काम त्यांच्या ऑफिसातूनच होतं आणि त्याचे वेगळे पैसे. एजंटाची यादी ऑडिट झाल्यावर पाठवा म्हणाले. जूनमध्ये काय होतं ते याच धाग्यावर लिहीन.